दोन ऑडिटर, ३६ खाती

मार्च उजाडला की कंपन्यांच्या इंटर्नल ऑडिट विभागात पुढच्या वर्षाचा प्लॅन करायची गडबड सुरू होते. मोठ्या बँकेत या कामाला शे-दोनशे माणसं असतात. चारशे-पाचशे कोटींची उलाढाल असलेल्या कारखान्यात मात्र बहुधा दोनच असतात: एक विभागप्रमुख आणि हाताखाली एक तरुण सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट. तपासायची खाती मात्र मोठ्या कंपनीइतकीच. खरेदी, स्टोअर, पगार, कंत्राटी कामगार, जीएसटी, भंगार, संगणक, परवाने यांपैकी कारखाना लहान म्हणून एकही कमी होत नाही.

कायदाही इथे फारशी सवलत देत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला इंटर्नल ऑडिटर नेमावा लागतो. नोंद नसलेल्या पब्लिक आणि प्रायव्हेट कंपन्यांनाही उलाढाल २०० कोटींवर गेली की तो नेमावाच लागतो. मात्र तो काय तपासणार आणि किती वेळा, हे कायदा सांगत नाही. ते ऑडिट कमिटीने किंवा संचालक मंडळाने ऑडिटरशी बोलून ठरवायचं असतं. म्हणजे निवड करायची मोकळीक आहे, आणि ती चुकली तर जबाबदारीही.

ही निवड कशी होते ते एका नमुना कंपनीवरून पाहू. कंपनी आणि तिचे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. पत्र्याचे प्रेस पार्ट बनवून गाडी कंपन्यांना देणारा कारखाना. उलाढाल ४२० कोटी, करपूर्व नफा २५ कोटी. दोन प्लांट, त्यातला दुसरा दीड वर्षापूर्वी सुरू झालेला. कंपनी पब्लिक लिमिटेड आहे, पण बाजारात नोंदलेली नाही. ऑडिट कमिटी आहे. ऑडिटर दोन.

बहुतेक जण प्लॅनची सुरुवात जोखमीच्या यादीपासून करतात. टीम दोघांची असेल तर आधी दिवस मोजलेले बरे. सुट्ट्या, रजा आणि प्रशिक्षण वजा जाता एका माणसाचे वर्षाला साधारण २५० दिवस उरतात, दोघांचे ५००. हा आकडा पाहून हुरळून जायचं कारण नाही. कमिटीच्या चार बैठका, त्यांचे कागद, प्लॅन करणं आणि सहकाऱ्याचं काम तपासणं यात ९० दिवस जातात. जुन्या रिपोर्टमधले मुद्दे खरंच मिटले का, हे पाहण्यात ४०. स्टॉक मोजणीला हजर राहणं आणि ऑफिसची किरकोळ कामं यात ३५. राहिला एमडींचा फोन: 'जरा त्या व्हेंडरचं काय चाललंय बघा.' त्यासाठी ७५ दिवस राखून ठेवायचे. बेरीज २४०. प्रत्यक्ष तपासणीसाठी हातात उरले २६०.

या ७५ दिवसांवर कात्री चालवायचा मोह फार होतो, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. पण अमेरिकेतल्या सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या संघटनेने २०२४ च्या अहवालात जगभरची प्रकरणं तपासली, तेव्हा ४३ टक्के अफरातफरी कुणीतरी दिलेल्या खबरीवरून उघडकीला आल्या होत्या आणि इंटर्नल ऑडिटमधून १४ टक्के. खबर जूनमध्ये आली आणि ऑडिटर सप्टेंबरपर्यंत ठरलेल्या कामात अडकलेला असला, तर त्या खबरीचा उपयोग काय?

एक मध्यम आकाराचं ऑडिट म्हणजे तयारी, जागेवरची तपासणी, रिपोर्ट आणि खातेप्रमुखाशी चर्चा. याला २५ ते ३५ दिवस लागतात. २६० दिवसांत अशी आठ-नऊ ऑडिट बसतात, दहावं बसत नाही. कंपनीतली तपासण्याजोगी खाती आणि प्रक्रिया लिहून काढल्या तर या कारखान्यात त्या ३६ भरतात. तेव्हा काहीही केलं तरी २७-२८ खाती यंदा बाहेर राहणारच. पुढचा सगळा खटाटोप कुठली बाहेर ठेवायची, यासाठी आहे.

आता येते ती गुणांची वही. पद्धत जुनी आणि सर्वत्र वापरात आहे: प्रत्येक खात्यात काही बिघडलं तर नुकसान किती होईल याला १ ते ५ गुण, बिघडण्याची शक्यता किती याला १ ते ५ गुण आणि दोन्हींचा गुणाकार. एक्सेलमध्ये तासाभराचं काम. गडबड होते ती गुण देताना. खातेप्रमुखांना फॉर्म पाठवला की जवळपास प्रत्येक जण दोन्हीकडे ३ लिहितो, फार तर एका ठिकाणी ४. पाच लिहिलं तर ऑडिटर आपल्याच दारात येईल आणि एक लिहिलं तर आपलं खातं बिनमहत्त्वाचं ठरेल, हा त्यामागचा हिशोब. मग ३६ पैकी पंचवीसेक खाती ९ आणि १२ च्या मध्ये येऊन बसतात. ज्या वहीत सगळेच मध्यम आहेत, तिच्यावरून काहीच निवडता येत नाही. पण रंगीत तक्ता सुरेख दिसतो आणि कमिटीपुढे तोच जातो.

यावर उपाय म्हणजे गुणांना रुपयांचा खुंटा ठोकणं. या कंपनीत करपूर्व नफ्याच्या पाच टक्के, म्हणजे सव्वा कोटी, ही वरची रेघ. त्याहून जास्त नुकसान होऊ शकत असेल किंवा ग्राहकाची लाइन बंद पडणार असेल तरच ५ गुण. साठ लाख ते सव्वा कोटी असेल तर ४, आणि असंच खाली. फॉर्म पाठवण्याऐवजी ऑडिटरने समोर बसून बोलावं आणि 'तुमच्या खात्यात जोखीम किती?' असं विचारूच नये. विचारायचं ते असं: गेल्या वर्षी कुठलं बिल दोनदा दिलं गेलं? कुठला माणूस महिनाभर रजेवर गेला तर काम अडेल? कुठली नोंद अजून वहीत होते आणि नंतर संगणकात चढते? ही बोलणी खातेप्रमुखांपाशी थांबवू नयेत. डिस्पॅचचा कारकून आणि गेटवरचा सुपरवायझर यांना जे ठाऊक असतं, ते प्लांट हेडला पुष्कळदा माहीत नसतं.

वहीतून संगणकात चढणाऱ्या नोंदीचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मुंबईच्या फोर्ट भागातल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण २०१८ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं, तेव्हा त्याच्या मुळाशी असाच एक तुटलेला दुवा निघाला. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते. ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला जोडलेली नव्हती, आणि संदेशांची नोंद मुख्य प्रणालीत केलीच जात नव्हती. मुख्य प्रणालीतून काढलेल्या याद्या तपासणाऱ्याला त्यात काही दिसणं शक्यच नव्हतं. दोन यंत्रणांमध्ये जिथे माणसाच्या हाताने नोंद उचलली जाते, तिथे शक्यतेचा गुण एकाने वाढवावा, हा नियम कारखान्यालाही लागू पडतो.

आपल्या प्रेस पार्टच्या कारखान्यात असा सांधा आहे वजनकाट्यावर. काट्याचा संगणक वेगळा, कंपनीची ईआरपी वेगळी. भंगाराचा ट्रक काट्यावर चढतो, पावती छापली जाते आणि कारकून वजन हाताने ईआरपीत टाकतो. अकाउंट्सच्या प्रमुखाने भंगाराला नुकसानीचे २ गुण दिले होते. ताळेबंदाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. ४२० कोटींच्या हिशोबात भंगाराची विक्री ही एक बारीकशी ओळ आहे.

ती ओळ उलगडून पाहू. कारखाना वर्षाला २०,००० टन पत्रा घेतो. प्रेसमध्ये सरासरी एक किलो पत्र्यातून ७८० ग्रॅमचा पार्ट निघतो, उरलेलं २२० ग्रॅम भंगार. म्हणजे वर्षाला ४,४०० टन. ३५ रुपये किलोने त्याचे १५ कोटी ४० लाख होतात. दरात किलोमागे एक रुपयाचा फरक पडला तर ४४ लाख गेले. वजनात दोन टक्के मार बसला तर आणखी ३१ लाख. दोन्ही मिळून ७५ लाख, म्हणजे नुकसानीचे गुण ४. चार वर्षं एकच खरेदीदार आहे, नवे दर मागवलेले नाहीत आणि काटा ईआरपीला जोडलेला नाही. म्हणून शक्यतेलाही ४. गुणाकार १६. भंगार एकदम यादीत वर.

याच्या शेजारी प्रवासखर्च ठेवून पाहावा. प्रवासाचं वर्षाचं बिल १ कोटी ८० लाख. खोट्या टॅक्सी पावत्या हमखास सापडतात, म्हणून शक्यतेला ४ गुण द्यायला हरकत नाही. पण त्यातले पाच टक्के खोटे धरले तरी नुकसान ९ लाखांचं, गुण १. गुणाकार ४. तरी कित्येक कंपन्यांत प्रवासखर्चाचं ऑडिट दरवर्षी न चुकता होतं, कारण तिथे मुद्दे भरपूर निघतात, रिपोर्ट जाडजूड दिसतो आणि कुणी मोठा माणूस दुखावत नाही. छोट्या टीमला ही चैन परवडत नाही.

भंगाराच्या ऑडिटला प्लॅनमध्ये ३० दिवस मिळाले. त्यात काय करायचं हेही प्लॅन करतानाच ठरावं लागतं, नाहीतर दिवसांचा आकडा हवेतला राहतो. पहिलं काम टेबलावरचं: प्रत्येक पार्टचं लागणारं वजन आणि तयार वजन यांतला फरक, गुणिले महिन्याचं उत्पादन. जेवढं भंगार निघायला हवं ते यातून कळतं, आणि ते काट्याच्या पावत्यांच्या बेरजेशी ताडायचं. पत्र्याच्या जाडीत थोडाफार फरक चालतो, त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. महिन्यागणिक फरक कधी इकडे तर कधी तिकडे झुकत असेल तर चिंता नको. बाराही महिने तो कंपनीच्या तोट्याकडेच झुकत असेल तर काट्यावर जायची वेळ झाली.

काट्यावर सगळ्यात बोलकी नोंद असते रिकाम्या ट्रकच्या वजनाची. भरलेल्या ट्रकमधून रिकाम्याचं वजन वजा करून माल ठरतो. त्यामुळे रिकामा ट्रक मुद्दाम जड करून आणला तर तितका माल फुकटात जातो. पाण्याची पिंपं, दगड किंवा आत बसलेली दोन-चार माणसं, कशानेही ते जमतं. एकाच नंबरच्या गाडीची वर्षभरातली रिकामी वजनं एका रांगेत लावायची. डिझेल आणि चिखलामुळे शे-दीडशे किलोंचा फरक पडतो, चार-पाचशेचा पडत नाही. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. दराचं काम त्याहून सोपं. वितळवण्याच्या भंगाराचा भाव जालन्याच्या पोलाद पट्ट्यात रोज हलतो, आणि कंपनीचा करार मात्र तीन-तीन महिने एकाच दरावर चालतो. चढत्या बाजारात त्याचा फायदा कुणाला झाला, हे दोन आकडे शेजारी मांडले की दिसतं.

गुणांच्या गुणाकारानंतर आणखी एक रकाना लागतो: बदल. ज्या खात्यात गेल्या वर्षभरात माणूस बदलला, यंत्रणा बदलली किंवा काम एकदम वाढलं, ते खातं गुण थोडे कमी असले तरी वर उचलायचं. दुसरा प्लांट दीड वर्षाचा आहे आणि तिथल्या स्टोअरमध्ये तिसरा इनचार्ज आलाय. एवढ्यावरच त्या स्टोअरच्या ऑडिटला ३५ दिवस मिळाले.

जॉबवर्कच्या मालालाही तेवढेच. प्लेटिंग आणि वेल्डिंगसाठी साठेक लहान व्हेंडरांकडे कंपनीचा माल पडून असतो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून करआकारणी होते, वर व्याजही लागतं. पुस्तकात 'व्हेंडरकडे' म्हणून दिसणारा माल खरोखर तिथे आहे का, हे बघायला व्हेंडरच्या शेडमध्येच जावं लागतं. त्याने सही करून पाठवलेला कागद पुरत नाही.

कंत्राटी कामगारांना २५ दिवस दिले. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर वसुली मूळ कंपनीवर येते. काही ठेकेदार एकच चलन तीन कंपन्यांना दाखवतात. म्हणून चलनाची रक्कम बघून थांबायचं नाही. चलनासोबतच्या यादीतली नावं गेटच्या हजेरीशी जुळवायची. उरलेल्यांत खरेदीचे दर आणि व्हेंडरांची देणी यांना ४० दिवस, ग्राहकांकडून मिळणाऱ्या दरवाढीला ३०, डाय-टूलिंग आणि मशिनरीच्या खरेदीला ३०, परवान्यांना १०. ईआरपीमध्ये कुणाला कसले अधिकार आहेत, हे तपासायचं ज्ञान या दोघांपाशी पुरेसं नाही. ते काम बाहेरच्या फर्मला देऊन देखरेखीसाठी १० दिवस ठेवले. शेवटचे १५ दिवस वर्षभरात वाटून दर तिमाहीला डेटाची एक फेरी करायची: तेच बिल दोनदा आलंय का, व्हेंडरचा बँक खाते क्रमांक एखाद्या कर्मचाऱ्याशी जुळतो का, आणि प्रवासखर्चात काही वावगं दिसतं का. सगळे मिळून २६० दिवस भरले.

वाटप करताना माणूसही बघावा लागतो. हाताखालचा सीए आठ महिन्यांपूर्वी याच कंपनीच्या खरेदी विभागातून आला असेल, तर खरेदीचं ऑडिट त्याला देता येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आपणच सांभाळलेल्या कामाचं ऑडिट करण्याआधी बारा महिने जावे लागतात. दोघांच्या टीममध्ये हा नियम चांगलाच जाचतो: ४० दिवसांचं सगळ्यात मोठं काम एकट्या प्रमुखाच्या अंगावर येतं किंवा पुढच्या सहामाहीत ढकलावं लागतं. वर्षअखेरीचे हिशोब चालू असताना, एप्रिल-मे मध्ये, अकाउंट्सच्या माणसांना गाठायला जाऊ नये. त्या दिवसांत गेट, काटा, स्टोअर अशी जागेवरची कामं उरकावीत. पहिल्या सहामाहीची कामं तारखेनिशी पक्की करावीत, दुसरीची फक्त नावं लिहावीत आणि सप्टेंबरात सगळं पुन्हा बघावं.

राहिली बाहेर पडलेली २७ खाती. त्यांतल्या काहींवर इतरांची नजर असते. बँकेचा स्टॉक ऑडिटर येतो, गाडी कंपन्यांचे क्वालिटी ऑडिटर येतात, कॉस्ट ऑडिटर असतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर असतो. 'ते बघतात' असं म्हणून निश्चिंत होण्यापूर्वी त्यांचा एखादा रिपोर्ट वाचून काढावा. बँकेचा माणूस कर्जापुरता माल आहे का, एवढंच बघतो. माल कोण चोरतंय हा त्याचा विषय नव्हे. जिथे कुणाचीच नजर नाही आणि गुणही बरे आहेत, अशी चार-पाच खाती शेवटी उरतातच. या कंपनीत त्यात वाहतुकीची बिलं होती आणि ग्राहकांकडून येणारे वॉरंटीचे क्लेम.

नेमकी हीच यादी कमिटीपर्यंत पोहोचत नाही. ऑडिटप्रमुखाला ती आपली कमजोरी वाटते, सीएफओला वाटतं उगाच प्रश्न निघतील. जानेवारी २०२५ पासून लागू झालेली इंटर्नल ऑडिटची जागतिक मानकं याबाबत स्पष्ट आहेत: माणसं कमी असल्याने काय तपासलं जाणार नाही, आणि जास्त जोखमीचं खातं प्लॅनमध्ये का घेतलं नाही, याची चर्चा संचालक मंडळाशी आणि वरिष्ठ व्यवस्थापनाशी करायलाच हवी. वाहतुकीच्या बिलांसमोर 'शेवटचं ऑडिट तीन वर्षांपूर्वी, दुसरं कुणी बघत नाही, लागणारे दिवस २५' एवढी ओळ लिहिली, की कमिटीपुढे तीनच वाटा उरतात. बाहेरच्या फर्मसाठी पैसे मंजूर करायचे, यादीतलं दुसरं काहीतरी काढायचं, किंवा यंदा ही जोखीम आपण पत्करतो असं इतिवृत्तात लिहायचं. तिन्ही निर्णय रास्त आहेत. पण ते कमिटीने घ्यायचे असतात, दोन ऑडिटरांनी मनातल्या मनात नव्हे.

प्लॅन फसतोय हे ओळखायला वर्षअखेर गाठावी लागत नाही. यंदाच्या प्लॅनवरच्या तारखा झाकल्या आणि तो गेल्या वर्षीच्या प्लॅनसारखाच दिसला, तर जोखीम कुणी मोजलेलीच नाही. दर वर्षी ठरलेली सगळी कामं शंभर टक्के पूर्ण होत असतील, तर सोपी कामं निवडली जातायत किंवा मध्येच आलेल्या खबरी बाजूला टाकल्या जातायत.

ज्या वाचकांपैकी कुणी एखाद्या कंपनीच्या, सहकारी संस्थेच्या किंवा ट्रस्टच्या संचालक मंडळावर असतील, त्यांनी यंदाचा ऑडिट प्लॅन टेबलावर आला की त्याचं दुसरं पान मागावं: काय तपासणार नाही, ते शेवटचं कधी तपासलं होतं आणि ते का वगळलं. ते पान तयार नसेल तर सही पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावी.